भाड्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट : रजिस्ट्रेशन, स्टॅम्प, नोटरी – कुणी किती भरायचं? (मुंबई)

गोरेगावचा_पाहुणा

नमस्कार मंडळी. कांदिवली पूर्वेला वन बीएचके बघितलाय, पसंत पडलाय. भाडं ३२,०००, डिपॉझिट १,६०,०००, मुदत २४ महिने, दोन्ही वर्षं भाडं तेच. मालक भले वाटले, ठाण्याला राहतात. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. काल ब्रोकरने अ‍ॅग्रीमेंटच्या खर्चाचा मेसेज टाकला, तो जसाच्या तसा देतो:

स्टॅम्प पेपर ५००
स्टॅम्प ड्युटी ३,०००
रजिस्ट्रेशन २,०००
नोटरी १,०००
पोलीस व्हेरिफिकेशन ५००
सर्व्हिस २,५००
एकूण ९,५००. पार्टी टू पार्टी हाफ हाफ. तुमचे ४,७५०.

ब्रोकरेज एक महिन्याचं वेगळं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ऑफिसातला मित्र म्हणतो की हे सगळं मालकाने भरायचं असतं. दुसरा म्हणतो सगळं भाडेकरूच भरतो. मुंबईत नक्की पद्धत काय आहे? अर्धं अर्धं मला चालेल, पण अर्धं कशाचं?

चाळकरी

कायद्यानुसार मालकाची जबाबदारी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरळ कलम दाखवा आणि एक पैसा देऊ नका.

मुलुंडची_मावशी

वा! म्हणजे घर आमचं, सोसायटीचा मेंटेनन्स आमचा, रंगकाम आमचं, आणि आता भाडेकरूच्या कागदाचा खर्चही आमचाच. तो कागद तुम्हाला लागत नाही का? एचआरए, गॅस, मुलांची शाळा, पासपोर्टचा पत्ता, सगळीकडे तेच अ‍ॅग्रीमेंट लावता ना? आम्ही कायम निम्मं निम्मं करतो, आजवर कुणी कुरकुर केली नाही.

बोरिवली_दस्त

बोरिवलीला दस्तांचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चाळकरी, कलम ५५ तुम्ही बरोबर सांगितलंत, पण त्यातून काढलेला अर्थ बरोबर नाही. करार नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची, नाही घेतला तर शिक्षा मालकाला, इतकंच ते कलम सांगतं. पैसे कुणाच्या खिशातून जायचे हे त्यात नाही. जबाबदारी आणि खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खर्चाचं दोघांनी आपसांत ठरवायचं, आणि मुंबईत बहुतेक ठिकाणी ते निम्मं निम्मं ठरतं.

पण पाहुण्यांनी विचारलेलं 'अर्धं कशाचं' हे जास्त महत्त्वाचं आहे. तुमच्या आकड्यांवरून हिशोब करून दाखवतो.

लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे ०.२५. ते कशावर? संपूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज. हे व्याज कुणी देत नाही, फक्त हिशोबापुरतं धरतात.

भाडं : ३२,००० × २४ = ७,६८,०००
डिपॉझिटचं व्याज : १,६०,००० वर वर्षाला १६,०००, दोन वर्षांचे ३२,०००
बेरीज : ८,००,०००
त्याचा पाव टक्का : २,०००

झाली तुमची स्टॅम्प ड्युटी, २,०००. नोंदणी फी महानगरपालिका हद्दीत सरसकट १,०००, भाडं कितीही असो. ऑनलाइन दस्ताला हाताळणी शुल्क लागतं, माझ्याकडच्या दस्तांना ३०० लागले. म्हणजे सरकारात ३,३०० जातात. तुमच्या ब्रोकरने शुल्कात हजार आणि फीमध्ये हजार वर चढवलेत.

आता स्टॅम्प पेपरचे ५००. ऑनलाइन नोंदणीत शुल्क ई-चलनाने भरलं जातं, वेगळा स्टॅम्प पेपर लागतच नाही. आणि दस्त नोंदवला की नोटरीचं कामच उरत नाही. या दोन्ही ओळी काढून टाकायला सांगा.

गोरेगावचा_पाहुणा

साष्टांग दंडवत! म्हणजे ९,५०० मधले ३,३०० खरे आणि बाकीचे ६,२०० एजंटचे?

बोरिवली_दस्त

सगळेच फुकटचे नाहीत. डेटा भरणं, मसुदा बनवणं, मशीन घेऊन घरी येऊन थंब घेणं या कामाचे पैसे तो घेणारच. पण ते त्याची मजुरी म्हणून सांगावे, ड्युटी म्हणून सांगू नयेत. सरकारी रक्कम ठरलेली असते, मजुरीत घासाघीस होते. दोन्ही एकत्र कालवले की घासाघीस करायची कशावर तेच कळत नाही, आणि तोच हेतू असतो.

विरारलोकल

एक मिनिट, मुंबईत स्टॅम्प ड्युटी सहा टक्के आहे ना? बायकोच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट. आम्ही मागच्या वर्षी भरली. ०.२५ कुठून आली?

चाळकरी

विरारलोकल, ते घर विकत घेताना. इथे भाड्याचं चाललंय. ३२ हजारांच्या भाड्यावर सहा टक्के लागले असते तर मुंबईत सगळे फूटपाथवरच झोपले असते.

विरारलोकल

अच्छा अच्छा. धाग्याचं नाव नीट वाचलं नाही. चालू द्या.

परळ_ते_पनवेल

बोरिवली_दस्त यांच्याशी सहमत, पण एक भर घालतो. मुद्रांक कायद्याच्या कलम ३० मध्ये लिहिलंय की वेगळं ठरलेलं नसेल तर लीजचा स्टॅम्प भाडेकरूने भरायचा. म्हणजे निम्मं हा रिवाज झाला. कायदा बघायचा तर ड्युटी भाडेकरूची.

बोरिवली_दस्त

कलम बरोबर आहे, पण तिथे 'लीज' म्हटलंय, म्हणजे भाडेपट्टा. मुंबईत आपण जे करतो ते लिव्ह अँड लायसन्स. मुद्रांक कायद्यात त्याला वेगळा अनुच्छेद आहे, ३६-अ, ६० महिन्यांपर्यंतच्या करारांसाठी. लीजची ओळ लायसन्सला जशीच्या तशी लावायची का, यावर वकील तुम्हाला दोन्ही बाजूंनी बोलून दाखवतील. माझ्या दृष्टीने त्यातला कामाचा भाग 'वेगळं ठरलेलं नसेल तर' हा आहे. म्हणजे ठरवा आणि मसुद्यात लिहा.

आणि पाहुणे, मसुदा थंब देण्याआधी वाचा. एजंटांच्या तयार साच्यात कुठेतरी मध्येच एक वाक्य असतं, 'करारनाम्याचा सर्व खर्च लायसन्सीने सोसावयाचा आहे.' तोंडी निम्मं ठरलेलं असतं आणि कागदावर हे. पुढे रिन्यूअलच्या वेळी मालक तेच वाक्य पुढे करतो. तिथे 'मुद्रांक शुल्क व नोंदणी फी उभय पक्षांनी समान सोसावयाची' एवढं लिहून घ्या.

अंधेरीवाला_अमर

एवढा खटाटोप कशाला? ११ महिन्यांचं करा. एक वर्षाच्या आतल्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही. ५०० च्या स्टॅम्प पेपरवर टाइप करा, कोर्टाबाहेर नोटरी करा, हजार-बाराशेत काम तमाम. निम्मे केले तर सहाशे. आम्ही बंगलोरला असताना असंच करायचो.

परळ_ते_पनवेल

बंगलोरचं बंगलोरला. ११ महिन्यांचा नियम केंद्राच्या नोंदणी कायद्यातून आलाय, वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या लीजबद्दल. महाराष्ट्रात कलम ५५ ला मुदतीशी देणंघेणं नाही. ११ महिने असो की ३, लेखी आणि नोंदणीकृतच हवं.

अंधेरीवाला_अमर

अहो पण निम्मी मुंबई नोटरीवर चालते! कोण विचारतं?

कुर्ला_कॅम्प

मी सांगते कोण विचारतं. माझ्या भावाचं असंच नोटरी केलेलं अ‍ॅग्रीमेंट होतं, मालकानेच सांगितलं होतं की हेच पुरे. बँकेत पत्ता बदलायला गेला तर बँकेने कागद परत दिला, रजिस्टर्ड आणा म्हणाले. मग घर सोडताना मालक म्हणाला की दोन महिन्यांची नोटीस ठरली होती, तू एकच दिलीस, डिपॉझिटमधून एक महिना कापणार. कागदावर तर एक महिना लिहिला होता. पण तो कागद घेऊन दाद मागायची म्हटलं तर वकिलाने आधी विचारलं, यावर ड्युटी किती भरलीये? ५०० च्या पेपरवर होता आणि लागत होती त्याहून जास्त. शेवटी पंचवीस हजार सोडून दिले आणि निघाला. नोटरीचा हजार मात्र त्याचा एकट्याचाच गेला होता, मालकाने निम्मेही दिले नव्हते.

बोरिवली_दस्त

कुर्ला_कॅम्प यांनी सांगितलंय तसं नेहमी होतं. असा कागद दोन्हीकडून लंगडा असतो. एक तर नोंदवलेला नाही, दुसरं म्हणजे त्यावर शुल्क कमी. शुल्क कमी असलेला दस्त कोर्ट पुरावा म्हणून वाचत नाही. आधी फरक भरा, त्यावर महिन्याला दोन टक्क्यांनी दंड भरा, मग बोला. नोटरीचा शिक्का म्हणजे या माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या, एवढंच. तो शुल्काची जागा घेत नाही आणि नोंदणीचीही नाही.

यात तुमच्या भावाला एक गोष्ट कुणी सांगितली नसावी. करार नोंदवलेला नसेल तर कलम ५५ म्हणतं की अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोटीस एक महिन्याची होती हे तुमचा भाऊ सांगू शकत होता आणि ते खोटं पाडायचं काम मालकाचं होतं. पंचवीस हजारांसाठी कोर्टाची पायरी चढायची का, हा वेगळा प्रश्न.

मुलुंडची_मावशी

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे नोटरीवर भागवलं तर नुकसान आमचंच?

बोरिवली_दस्त

जास्त तुमचंच, मावशी. मुदत संपली आणि माणूस घर सोडत नाही असं झालं, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मिळवता येते आणि तोवरच्या राहण्याची दुप्पट लायसन्स फी मागता येते. कलम २४. त्या अर्जासोबत नोंदणीकृत करार लावला की तुमचं निम्मं काम झालं. नोटरीचा कागद लावलात की पहिल्या तारखेपासून वाद सुरू. म्हणून मी मालकांना सांगतो, शुल्काचे हजार रुपये वाचवायच्या नादात हा दरवाजा बंद करू नका. भाडेकरू निम्मे द्यायला तयार नसेल तर पूर्ण स्वतः भरा, पण नोंदवा.

चाळकरी

तेच तर मी म्हणत होतो, मालकाने भरावे!

बोरिवली_दस्त

मालकाने नोंदवावं असं म्हणतोय मी. तुम्ही परत खिशावर आलात.

दादरचा_दत्तू

११ विरुद्ध २४ चा हिशोब कुणी केला का? मी भाडेकरू, मालक दर ११ महिन्यांनी नवं अ‍ॅग्रीमेंट करायला लावतो. म्हणतो भाडं वाढवायला बरं पडतं.

परळ_ते_पनवेल

पाहुण्यांचेच आकडे घेऊ. ११ महिन्यांचं भाडं ३,५२,०००, डिपॉझिटचं व्याज साधारण १४,७००, पाव टक्का म्हणजे नऊशेच्या थोडं वर. त्यात फी हजार आणि हाताळणी तीनशे. साधारण बावीसशे. असं दोनदा केलं की २२ महिन्यांत चव्वेचाळीसशे, आणि २४ महिन्यांचं एकदाच केलं तर तेहतीसशे. शिवाय एजंटची मजुरी दोनदा, थंब दोनदा, सोसायटीत कागद दोनदा.

भाडं वाढवायचंच असेल तर २४ महिन्यांच्या करारातही पहिल्या वर्षी इतकं, दुसऱ्या वर्षी तितकं असं लिहिता येतं. ड्युटी दोन्ही वर्षांच्या खऱ्या बेरजेवर लागते. तुमच्या मालकाला हे सांगून बघा. तरी तो ११ च हवे म्हणाला, तर वाढीव फेरीचा खर्च त्याने भरावा असं म्हणायला जागा आहे. फेरी त्याच्या सोयीची आहे.

दादरचा_दत्तू

सांगितलं तर म्हणेल दुसरं घर बघ.

मुलुंडची_मावशी

मी सुद्धा ११ चंच करते. पैशासाठी नाही हो. माणूस कसा निघेल ते कळत नाही, ११ महिन्यांनी मोकळं होता येतं.

परळ_ते_पनवेल

मावशी, २४ महिन्यांच्या करारातही नोटिशीची अट घालता येते. लॉक-इन किती, नोटीस किती, ते तुम्हीच ठरवा. पण तुमच्या मनाला ११ बरे वाटत असतील तर राहू दे.

अंधेरीवाला_अमर

बरं, रजिस्टर करू, पण भाडं कागदावर २० दाखवू आणि वरचे १२ रोख. ड्युटी वाचेल, दोघांचाही फायदा. माझा आधीचा मालक असंच करायचा.

बोरिवली_दस्त

किती वाचेल ते बघू. महिना १२,००० कमी दाखवले, २४ महिन्यांचे २,८८,०००. त्याचा पाव टक्का ७२०. निम्मे केले तर तुमचे ३६० वाचले, दोन वर्षांत.

त्या ३६० साठी तुम्हाला एचआरए २० हजारांवरच मिळणार. रोख दिलेल्या १२ हजारांची पावती नाही. आणि मालकाला दुप्पट फी मागायची वेळ आली तर तीही कागदावरच्या २० हजारांच्याच हिशोबाने. जो मालक रोख मागतो तो ड्युटी वाचवायला मागत नाही, इन्कम टॅक्स वाचवायला मागतो. त्याच्या टॅक्ससाठी तुम्ही तुमचा एचआरए कशाला सोडता?

कुर्ला_कॅम्प

३६० रुपये! दोन वर्षांत!! अमर, वडापाव खा त्यापेक्षा.

ठाकूरद्वार

पोलीस व्हेरिफिकेशनचं कुणी बोललंच नाही. मुंबई पोलिसांच्या साइटवर भाडेकरूची माहिती स्वतः भरता येते, शुल्क शून्य. फोटो, ओळखपत्र, जुना पत्ता, नोकरीचं ठिकाण, एवढं लागतं. माहिती देणं मालकाचं काम आहे, पण भाडेकरूने भरून मालकाला पोच पाठवली तरी कुणी रागवत नाही. ते ५०० काढा.

आमच्या सोसायटीने तर वर 'मूव्ह-इन चार्ज' पाच हजार मागितलेत आणि मालक म्हणतो तेही निम्मे निम्मे. हे कायदेशीर आहे का?

परळ_ते_पनवेल

त्याचा वेगळा धागा काढा, इथे भरकटेल. थोडक्यात, भाड्याने दिलेल्या घरासाठी सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेऊ शकते, तोही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. तो सभासदाचा खर्च, अ‍ॅग्रीमेंटच्या निम्म्यात धरायचा नाही. मूव्ह-इनच्या पाच हजारांसाठी सोसायटीकडून आधी लेखी मागणी आणि पावती मागा. बऱ्याचदा तिथेच विषय संपतो.

मुलुंडची_मावशी

माझा अनुभव सांगते. गेल्या वेळी एजंट मशीन घेऊन घरी आला. माझं वय सत्तरीच्या पुढे, भांडी-धुणी करून बोटं झिजलेली, अंगठा काही केल्या जुळेना. दहाही बोटं लावून झाली. हात धुवून, तेल लावून, पुसून, सगळं करून पाहिलं. शेवटी तो म्हणाला दुसऱ्या दिवशी वेगळं मशीन आणतो, आणि त्या फेरीचे वेगळे सातशे लावले. भाडेकरू म्हणाला तुमच्या अंगठ्याचे पैसे मी का देऊ? मला तेव्हा राग आला होता. आता सांगा, ते सातशे कुणाचे?

कुर्ला_कॅम्प

एजंटचे! मशीन त्याचं.

बोरिवली_दस्त

मीही तेच म्हणेन, पण सगळे एजंट ऐकणार नाहीत. मावशी, पुढच्या वेळी आधी आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे अपडेट करून घ्या, बऱ्याच ज्येष्ठांचं त्याने काम होतं. आणि एजंटशी आधीच बोलून ठेवा की मजुरी कामाची आहे, फेऱ्यांची नाही.

लंडन_लालबाग

मालक परदेशात असेल तर? माझा फ्लॅट लालबागला आहे, मी इकडे. भाऊ मुखत्यारपत्रावर सही करतो. भाडेकरू म्हणतो मुखत्यारपत्राचा खर्च त्याला लावू नका. मी लावलाच नव्हता, पण एजंटने परस्पर निम्म्यात टाकला.

बोरिवली_दस्त

भाडेकरूचं म्हणणं बरोबर आहे. तुम्ही हजर राहू शकत नाही ही तुमची अडचण, मुखत्यारपत्र तुमचंच. एजंटला बिल वेगळं करायला लावा.

गोरेगावचा_पाहुणा

अपडेट देतो. हिशोब ब्रोकरला पाठवला. आधी म्हणाला 'सर, सगळीकडे हाच रेट आहे'. मग मी म्हटलं की चलन मला दाखवा, चलनावर जो आकडा असेल त्याचे निम्मे लगेच ट्रान्सफर करतो. अर्ध्या तासाने मेसेज आला, 'सर तुमच्यासाठी अ‍ॅडजस्ट करतो'. स्टॅम्प पेपर गेला, नोटरी गेली, पोलीस मी स्वतः करणार. ड्युटी २,०००, फी १,०००, हाताळणी ३००. सर्व्हिस २,०००, कारण त्याला एकदा माझ्याकडे गोरेगावला आणि एकदा मालकांकडे ठाण्याला यावं लागणार.

मी मालकांना फोन केला. म्हटलं काका, सरकारी निम्मे निम्मे, आणि आपापल्या घरी येण्याचे हजार आपापले. ते हसले आणि म्हणाले की त्यांनाही ब्रोकरने ४,७५० च सांगितले होते. तर माझे १,६५० अधिक १,००० असे २,६५० होतात. आता पैसे पाठवतोय. अजून काही बघायचं राहिलंय का?

बोरिवली_दस्त

हो, सगळ्यात मोठं राहिलंय. चलनावरचा जीआरएन नंबर gras.mahakosh.gov.in वर टाकून बघा, रक्कम आणि नावं तिथे दिसतात. कुठल्या तरी जुन्या चलनाचा फोटो पाठवणारे असतात.

दुसरं, थंब झाला म्हणजे दस्त नोंदवला असं होत नाही. थंबनंतर तो दुय्यम निबंधकाकडे ऑनलाइन जातो, ते तपासतात, चूक असेल तर परत पाठवतात, मग नोंदणी होते. काही एजंट त्याआधीचा मसुदा छापून, रंगीत फोटोसकट स्पायरल बाइंडिंग करून हातात देतात आणि गायब होतात. दिसायला अगदी खरा. ओळखायचं असं : पानांवर नुसता टोकन नंबर असेल तर तो मसुदा आहे. नोंदवलेल्या दस्ताला कार्यालयाचं लघुनाम आणि दस्त क्रमांक असतो. बोरिवलीचा 'बरल', कुर्ल्याचा 'करल', अंधेरी-वांद्र्याचा 'बदर', शहराचा 'बबई', पुढे कार्यालयाचा आकडा, दस्त क्रमांक आणि साल. सोबत सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू मिळतो. त्यावर तुमचं आणि मालकांचं नाव, भाडं, डिपॉझिट, भरलेलं शुल्क आणि फी, सगळं छापलेलं असतं. निम्मे पैसे कशाचे दिले याची खरी पावती तीच.

म्हणून एजंटची मजुरी इंडेक्स टू हातात आल्यावर द्या. सरकारी रक्कम मात्र आधीच द्यावी लागेल, त्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

दादरचा_दत्तू

अरे देवा. माझ्याकडे स्पायरल बाइंडिंगवालंच आहे. आता उघडून बघितलं, 'बरल' वगैरे काही दिसत नाही. एक लांबलचक नंबर आहे फक्त. मी निम्मे म्हणून ३,८०० दिले होते.

बोरिवली_दस्त

दत्तू, दादर म्हणजे तुमचा 'बबई' असेल, 'बरल' शोधू नका. तोही नसेल तर एजंटला लगेच दस्त क्रमांक विचारा. थंब कधी झाला होता? सहीपासून चार महिन्यांच्या आत असाल तर दस्त अजून साध्या फीमध्ये सादर होऊ शकतो. त्यापुढचे चार महिने दंड भरून.

दादरचा_दत्तू

पाच महिने झाले बहुतेक. दंड पण निम्मा निम्मा का?

चाळकरी

दंड मालकाचा! इथे तरी कलम ५५ लागू करा राव.

परळ_ते_पनवेल

आधी चलन भरलं होतं का ते बघा. भरलं असेल आणि फक्त सादर करायचं राहिलं असेल तर चूक एजंटची, दंड त्याच्याकडून वसूल करा. भरलंच नसेल तर तो दोघांचे पैसे घेऊन बसलाय, मग मालकाला सोबत घेऊन पोलिसांत जा.

मुलुंडची_मावशी

दत्तू, मालकाला आजच फोन कर. त्यालाही माहीत नसेल. मी पण कपाटातून माझं काढून बघते, 'करल' असायला हवं ना मुलुंडचं?

बोरिवली_दस्त

हो मावशी, 'करल'. पहिल्याच पानावर वर बघा.